सकाळी शंभर, संध्याकाळी अडतीस

पार्सल पोचवणारा माणूस सकाळी आठ वाजता पूर्ण भरलेला फोन घेऊन निघतो. संध्याकाळी त्याच फोनवर त्याला शेवटच्या गिऱ्हाइकाचा पत्ता शोधायचा असतो, फोन करायचा असतो, ओटीपी घ्यायचा असतो. नेमक्या त्या वेळी फोन बंद पडला तर पार्सल परत न्यावं लागतं आणि त्या फेरीचे पैसे बुडतात. म्हणून अशा अ‍ॅपच्या टेस्टिंगमध्ये ‘बटण दाबलं की स्क्रीन उघडते का’ एवढंच पाहून भागत नाही. बारा तासांनंतर ते फोनचं काय करून ठेवतं, हेही पाहावं लागतं. ही तपासणी कशी करतात आणि ती कुठे फसवते, हे समजावं म्हणून असंच एक अँड्रॉइड अ‍ॅप उदाहरणाला घेतो. अ‍ॅप आणि त्यातले आकडे हिशोबासाठी मांडलेले आहेत. त्यातले दोष मात्र खऱ्या कामात वारंवार सापडणारे आहेत.

अ‍ॅपचं काम साधं आहे. ते दर दोन मिनिटांनी माणसाचं ठिकाण कंपनीला कळवतं. पार्सल दिलं की दारात ठेवलेल्या खोक्याचा फोटो काढून पाठवतं. नवी ऑर्डर आली का, हे स्क्रीन चालू असताना दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारतं. दिवसभरात साठ पार्सलं पोचवायची असतात. ऑफिसात बसून अर्धा तास हे अ‍ॅप वापरलं तर त्यात काहीच खोट दिसत नाही. बॅटरी एखादा टक्का उतरते, आणि एवढी तर ती कुठल्याही अ‍ॅपने उतरते.

पहिली अडचण अशी, की बॅटरीचा टक्का एकट्या अ‍ॅपचा नसतो. स्क्रीन, सिमकार्डाचं नेटवर्क, व्हॉट्सअ‍ॅप, फोनची स्वतःची कामं हे सगळं त्याच बॅटरीवर चालतं. त्यामुळे ‘आमच्या अ‍ॅपने साठ टक्के खाल्ले’ असं एका फोनवरून म्हणताच येत नाही. त्यासाठी एकाच मॉडेलचे दोन फोन लागतात. दोन्हींत एकाच कंपनीचं सिम घालायचं, ब्राइटनेस सारखा ठेवायचा, अ‍ॅप आपोआप अपडेट होणं बंद करायचं आणि एकाच फोनवर आपलं अ‍ॅप टाकायचं. दोन्ही फोन एकाच माणसाच्या खिशांत दिवसभर फिरवायचे. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप दुसऱ्या फोनवर टाकून तीच फेरी पुन्हा करायची, कारण दोन फोनांच्या बॅटऱ्या कधी सारख्या म्हाताऱ्या झालेल्या नसतात. ही अदलाबदल कंटाळवाणी असते म्हणून अनेक ठिकाणी गाळली जाते. मग ज्या फोनची बॅटरी मुळात थकलेली असते, त्याचा दोष अ‍ॅपच्या माथी बसतो.

दुसरी अडचण टेबलाची. फोनची स्क्रीन बंद आहे, तो चार्जिंगला नाही आणि हलतही नाही, असं बराच वेळ दिसलं की अँड्रॉइड त्याला ‘डोझ’ नावाच्या गाढ झोपेत नेतं. ही सोय २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर आली. या झोपेत अ‍ॅपना नेटवर्क मिळत नाही. मधूनमधून थोडा वेळ दार उघडतं, तेवढ्यात त्यांनी आपली कामं उरकायची. पण चालत्या माणसाच्या खिशातला फोन सतत हलत असतो, त्यामुळे त्याला ही गाढ झोप लागतच नाही. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ७ मध्ये खिशातल्या फोनसाठी हलकी डुलकी आली, पण तिची बचत तितकी नाही. परिणाम असा, की टेबलावर ठेवून मोजलेली बॅटरी नेहमी खऱ्यापेक्षा चांगली दिसते. पार्सलवाल्याचं अ‍ॅप तपासायचं तर कुणीतरी खरंच फिरावं लागतं. लिफ्टमध्ये, बेसमेंटमधल्या पार्किंगमध्ये, जुन्या वाड्याच्या जाड भिंतींआड जावं लागतं, कारण नेटवर्क कमकुवत झालं की फोनचा रेडिओ जास्त जोर लावतो आणि जास्त वीज खातो.

तिसरी अडचण यूएसबी केबलची. फोन लॅपटॉपला जोडला की तो चार्ज होऊ लागतो आणि मापन तिथेच बिघडतं. यावर अनेक टेस्टर एक कमांड वापरतात, `adb shell dumpsys battery unplug`. तिने फोनला ‘तुझी केबल काढली आहे’ असं खोटंच सांगता येतं. अ‍ॅप डोझमध्ये कसं वागतं, हे बघायला ती उत्तम आहे. पण बॅटरी मोजायला ती वापरली की घात होतो. ती दिल्यापासून फोन बॅटरीचं खरं मापन वाचणंच थांबवतो आणि टक्का होता तिथेच गोठतो. `adb shell dumpsys battery reset` असं सांगेपर्यंत तो हलत नाही. बॅटरी मोजायची असेल तर केबल खरोखर काढायची, याला पर्याय नाही.

म्हणून सकाळी फोन पूर्ण चार्ज करून, जुनी नोंद पुसून केबल काढायची:

```
adb shell dumpsys batterystats --reset
```

आणि संध्याकाळी, चार्जरला लावण्याआधी, दिवसाची सगळी नोंद एका फाइलमध्ये काढून घ्यायची:

```
adb bugreport divas1.zip
```

‘चार्जरला लावण्याआधी’ हे महत्त्वाचं आहे. फोन भरपूर चार्ज होऊन पुन्हा केबलपासून सुटला की अँड्रॉइड ही नोंद स्वतःहून कोरी करतं. रात्री चार्जिंगला लावून ‘रिपोर्ट उद्या ऑफिसला गेल्यावर काढू’ म्हटलं, तर अख्खा दिवस वाया गेलेला असतो.

आता आकड्यांकडे येऊ. फोनची बॅटरी ५,००० मिलिअँपिअर-तासांची आहे, म्हणजे एक टक्का साधारण ५०. अ‍ॅप नसलेला फोन तासाला एक टक्का उतरला आणि रात्री आठला ८८ वर थांबला. अ‍ॅप असलेला ३८ वर आला. पन्नास टक्क्यांचा फरक पडला, पण हा एकच आकडा काहीच शिकवत नाही. जीपीएस, फोटो आणि भर उन्हात उजळलेली स्क्रीन यांना एवढी वीज लागतही असेल. शिकवतो तो तासातासाचा उतार. दुपारी एकपर्यंत फोन ताशी चार टक्क्यांनी उतरत ८० वर आला होता. एकनंतर तो ताशी सहा टक्क्यांनी उतरू लागला आणि रात्री आठपर्यंत तसाच उतरत राहिला. पार्सलं सकाळी होती तेवढीच, ऊन कमी होत गेलेलं, माणूसही तोच. मग एक वाजता काय झालं?

दिवसभराच्या तपासणीत मी सगळ्यात आधी हाच प्रश्न विचारतो. खर्च किती झाला याला उत्तरं हजार असतात. खर्चाचा वेग कधी बदलला, याला बहुधा एकच असतं.

बॅटरीच्या नोंदीत प्रत्येक अ‍ॅपच्या नावाखाली ‘वेकलॉक’ दिसतात. स्क्रीन बंद झाली की फोनचा प्रोसेसर झोपायला बघतो. एखादं काम अर्धवट असेल तर अ‍ॅप त्याला सांगू शकतं, की मी म्हणेपर्यंत झोपू नकोस. हे सांगणं म्हणजे वेकलॉक. आपल्या अ‍ॅपने तो फोटो पाठवताना घेतलेला होता, आणि ते योग्यच होतं. एक फोटो जायला पाच-सात सेकंद लागतात. साठ फोटोंचे सगळे मिळून सहा-सात मिनिटं व्हायला हवी होती. नोंदीत मात्र त्या एका वेकलॉकपुढे सात तासांहून जास्त वेळ दिसत होता. एक वाजल्यापासून आठ वाजेपर्यंतचा वेळही तेवढाच भरतो.

एक वाजता माणूस एका इमारतीच्या बेसमेंटमध्ये होता. तिथे नेटवर्क नव्हतं. फोटो पाठवताना चूक आली, आणि प्रोग्राम त्या चुकीसरशी वेकलॉक सोडण्याची ओळ ओलांडून पुढे निघून गेला. पुढचं कुणाच्या चटकन ध्यानात येत नाही. वेकलॉक किती वेळा घेतला आणि किती वेळा सोडला, याचा अँड्रॉइड हिशोब ठेवतं. दुपारनंतरच्या प्रत्येक फोटोने तो एकदा घेतला आणि एकदा सोडला, सगळं नीट. पण बेसमेंटमधला तो एक घेतलेला तसाच राहिला. हिशोब शून्यावर आलाच नाही, त्यामुळे प्रोसेसर रात्रीपर्यंत जागा राहिला.

तरीही नुसता जागा प्रोसेसर एवढी वीज खात नाही. खरं नुकसान त्यापुढे आहे. दर दहा सेकंदांनी सर्व्हरला विचारणारा टायमर लिहिणाऱ्याने स्क्रीन बंद झाल्यावर थांबवलेला नव्हता. थांबवायची गरजही कधी दिसली नव्हती, कारण प्रोसेसर झोपला की अशा टायमरचं घड्याळही आपोआप थांबतं. त्या झोपेने त्याची चूक महिनोन् महिने झाकून ठेवली असणार. दुपारी एकनंतर प्रोसेसर झोपेना, तेव्हा खिशातल्या फोनवर तो टायमर धावू लागला. दर दहा सेकंदांनी मोबाइल नेटवर्कवर एक छोटी विचारणा जाऊ लागली. विचारणा छोटी असली तरी तिच्यानंतर रेडिओ काही सेकंद चढ्या विजेवरच राहतो, न जाणो आणखी डेटा यायचा असेल म्हणून. तो खाली उतरायच्या बेतात आला की पुढची विचारणा निघते. सात तासांत जास्तीचे चौदा टक्के गेले, म्हणजे ७०० मिलिअँपिअर-तास, ते बहुतांशी असे. दोन चुका होत्या. एकटी एकटी असती तर कुठलीही कुणाला कळली नसती. दिवसभर फिरल्याशिवाय त्यांची गाठ पडत नाही.

दुरुस्ती थोड्याच ओळींची आहे:

```
wakeLock.acquire(2 * 60 * 1000L)
try {
    uploadPhoto(photo)
} finally {
    if (wakeLock.isHeld) wakeLock.release()
}
```

चूक आली तरी `finally` मधली ओळ चालतेच. आणि काही कारणाने तीही राहिली, तर दोन मिनिटांनी फोन स्वतःच वेकलॉक सोडवतो. वेळेची मर्यादा न घालता घेतलेला वेकलॉक दिसला की मी तो दोष म्हणूनच नोंदवतो, त्या दिवशी त्याने काही बिघडवलं नसलं तरी. टायमर अर्थातच स्क्रीन बंद होताना थांबवायचा.

मेमरीची तपासणी वेगळ्या रीतीने करता येते, आणि हा भेद मला फार उपयोगाचा वाटतो. बॅटरी वेळेबरोबर उतरते, त्यामुळे बारा तास आखडून दोन तासांत बसवता येत नाहीत. मेमरी बहुधा कामाबरोबर वाढते. तेव्हा साठ पार्सलांचं काम टेबलावर, आपोआप बटणं दाबणारी स्क्रिप्ट लावून, तासाभरात करून घेता येतं. मात्र वाढ मोजायची तर प्रत्येक वेळी अ‍ॅप त्याच जागी परत आणायला हवं. फोटो काढला, पाठवला, यादीच्या स्क्रीनवर परत आलो, थोडं थांबलो, मग मोजलं:

```
adb shell dumpsys meminfo com.example.parcel
```

मधला आकडा वरखाली होणारच. अ‍ॅप चित्रं तात्पुरती साठवतं, नको झालेल्या गोष्टी साफ करायला अँड्रॉइडला थोडा वेळ लागतो. त्यामुळे मेमरी वाढली म्हणजे गळती आहे, असं लगेच म्हणू नये. साफसफाई झाल्यावर आकडा जिथे येऊन टेकतो, तो तळ पाहायचा. तळ सुरुवातीला १६० एमबी असेल, पाच पार्सलांनी १७५ झाला असेल आणि तिथेच थांबला, तर काळजी नाही. आपल्या अ‍ॅपचा तळ प्रत्येक पार्सलामागे तीन एमबीने वर सरकत होता आणि साठाव्या पार्सलानंतर ३४० वर पोचला होता. दर फेरीला ठरावीक माप चढत जाणारा तळ म्हणजे गळतीच.

तीनच एमबी का, याचंही उत्तर मिळतं. फोटो दाखवताना तो १००० गुणिले ७५० ठिपक्यांचा केलेला होता. प्रत्येक ठिपक्याला चार बाइट, म्हणजे बरोबर तीस लाख बाइट. प्रत्येक पार्सलाचा फोटो मेमरीत तसाच राहत होता. कमांडच्या उत्तरात वाढ `Native Heap` या ओळीत दिसली, `Java Heap` जवळपास स्थिर होता. अँड्रॉइड ८ पासून चित्रांचे ठिपके नेटिव्ह बाजूला ठेवले जातात, त्यामुळे फक्त जावाचा आकडा पाहणाऱ्याला ही गळती दिसतच नाही. त्याच उत्तरात खाली `Activities` अशी एक ओळ असते. तिच्यापुढे किती स्क्रीन जिवंत आहेत, ते लिहिलेलं असतं. डोळ्यांपुढे फक्त यादीची एकच स्क्रीन होती, ओळीत मात्र ६१ लिहिलेलं होतं.

साठ फोटो-स्क्रीन बंद झाल्या होत्या, पण मेल्या नव्हत्या. फोटोवर ठिकाण छापता यावं म्हणून प्रत्येक फोटो-स्क्रीन उघडताना ठिकाण सांगणाऱ्या भागाकडे आपलं नाव नोंदवत होती आणि बंद होताना ते काढून घेत नव्हती. तो भाग दिवसभर चालू असतो, त्याच्या वहीत नाव आहे म्हणून स्क्रीन मोकळी होत नाही, आणि स्क्रीनच्या हातात फोटो आहे म्हणून फोटोही मोकळा होत नाही. स्क्वेअर कंपनीचं लीककॅनरी हे मोफत साधन टेस्टिंगच्या बिल्डमध्ये घातलं, की ते ही साखळी कडीकडीने लिहून देतं, कुणी कुणाला धरून ठेवलं आहे ते. दुरुस्ती एका ओळीची, स्क्रीन बंद होताना नाव काढून घ्यायचं. आणि या गळतीची झळ बॅटरीलाही लागत होती. दर दोन मिनिटांनी नवं ठिकाण कळलं, की ते वहीतल्या सगळ्या बंद स्क्रीनना कळवलं जात होतं, आणि त्या प्रत्येकीचा कोड चालत होता.

३४० एमबी म्हणजे आजच्या फोनला काय, असं कुणी विचारेल. ज्याच्या हातात तीन-चार जीबी मेमरीचा फोन आहे, त्याला विचारावं. फोटो काढायला अ‍ॅप फोनचा कॅमेरा उघडतं. कॅमेऱ्याला एकाएकी भरपूर मेमरी लागते, आणि ती देण्यासाठी अँड्रॉइड मागे पडलेली अ‍ॅप मारू लागतं. ठिकाण कळवणारी सेवा नोटिफिकेशन दाखवत चालू असल्यामुळे आपलं अ‍ॅप त्या रांगेत बरंच मागे असतं, तरी मेमरी फारच कमी पडली की पाळी येतेच. माणूस फोटो काढून परत येतो, तर अ‍ॅप नव्याने उघडलेलं असतं. भरलेलं नाव, ओटीपी, शेरा सगळं कोरं. त्याला वाटतं, आपला हात कुठेतरी लागला. तो पुन्हा भरतो. तक्रार कधी येत नाही, कारण क्रॅश झाल्याची नोंदही कुठे होत नाही.

हे ओळखायचं कसं? अँड्रॉइड ११ पासून फोन अ‍ॅपच्या मरणाची कारणं लिहून ठेवतो:

```
adb shell dumpsys activity exit-info com.example.parcel
```

कारणाच्या जागी `LOW_MEMORY` दिसलं की समजावं. म्हणून गळती बुजवल्यावरही एक तपासणी उरतेच. फॉर्म अर्धा भरायचा, कॅमेरा उघडायचा, अ‍ॅपची प्रक्रिया मुद्दाम मारायची आणि परत येऊन बघायचं, की भरलेलं शाबूत आहे का. अ‍ॅप कधीच मारलं जाणार नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. मारलं गेल्यावर माणसाचं काम वाचवणं मात्र लिहिणाऱ्याच्या हातात असतं.

बॅकग्राउंडची तपासणी या दोन्हींहून सोपी असते, आणि तीच सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहते. ठिकाण दर दोन मिनिटांनी गेलं पाहिजे, म्हणजे बारा तासांत ३६० नोंदी. त्या सर्व्हरवर मोजायच्या आणि मधली अंतरं पाहायची. एखाद-दुसरी नोंद गळणं समजू शकतं. पण जेवणाच्या सुट्टीत फोन टेबलावर ठेवल्यावर चाळीस मिनिटांची पोकळी दिसली, तर अँड्रॉइडच्या नियमांपलीकडे फोन बनवणाऱ्याची स्वतःची बॅटरी वाचवणारी व्यवस्था आड आली, असं धरून तपासाला लागायचं. ती चालू असलेली सेवाही बंद करते आणि प्रत्येक मॉडेलवर वेगळी वागते. ऑफिसातला महागडा फोन इथे निरुपयोगी ठरतो. ज्या मॉडेलवर लोक खरोखर काम करतात, त्यातले तीन-चार फोन आणून त्यांवरच दिवस काढावा लागतो.

मोजमापाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. फोन दाखवतो तो टक्का अंदाज असतो, आणि तो सगळीकडे सारख्या वेगाने हलत नाही. पहिले काही टक्के अनेकदा रेंगाळतात. थंडीत, उकाड्यात, जुन्या बॅटरीवर आकडे बदलतात. दोन बिल्डमधला दोन-तीन टक्क्यांचा फरक एका दिवसावरून खरा मानू नये, दिवस आणि फोन बदलूनही तो त्याच बाजूला झुकला तरच मानावा. ब्राइटनेस एकसारखा ठेवला तर तुलना न्याय्य होते, पण मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात स्क्रीन आपोआप पूर्ण उजळते, हे त्या तुलनेत येत नाही. त्यासाठी ऑटो ब्राइटनेसवर एक वेगळा दिवस फिरावं लागतं, आणि त्याचे आकडे आधीच्या आकड्यांत मिसळू नयेत.

दुरुस्त केलेल्या बिल्डवर तीच फेरी, तेच बेसमेंट घेऊन पुन्हा करायची. ताशी चार टक्क्यांचा उतार एकनंतरही तसाच राहिला, तर रात्री आठला फोन ५२ वर असायला हवा. वेकलॉकपुढे मिनिटांतला आकडा हवा आणि `Activities` पुढे एक किंवा दोन. एवढं जुळलं तरी मी अ‍ॅप बंद न करता रात्री फोन चार्जिंगला लावतो. पार्सलवाला घरी गेला म्हणून अ‍ॅप कधी बंद करत नाही. सकाळी तो त्याच चालू अ‍ॅपवर पुढची साठ पार्सलं उचलतो, आणि तेव्हा तळ पहिल्या दिवशी होता तिथूनच सुरू होतो का, हे दुसऱ्या दिवशीच कळतं.